‘सहा पडला की पुन्हा फासा’ हाच नियम आधी काढा

आम्ही घरातले चौघं रोज रात्री लुडो खेळतो: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. एक डाव सहज सव्वा तास चालतो. मुलाला सहा पडत नाही, तो रडकुंडीला येतो. नवरा म्हणतो, ‘यात डोकं कुठे लागतं?’ म्हणून मी नियम बदलले. प्रत्येकाला दोनच सोंगट्या, पहिला सहा पडेपर्यंत प्रत्येक पाळीला तीनदा फासा, आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय घरात प्रवेश नाही. डाव फारसा लहान झाला नाही, भांडणं मात्र वाढली. सासूबाई म्हणतात, हा लुडोच राहिला नाही. डाव अर्ध्या तासात संपेल आणि अकलेलाही वाव राहील, असे नियम कसे करायचे?
– एक वाचक

तुम्हाला दोन गोष्टी एकदम हव्या आहेत, डाव लहान आणि नशीब कमी. या दोन्ही एकाच दिशेच्या आहेत असं तुम्ही धरून चाललात, आणि घोटाळा तिथेच झाला. एरवी त्यांची दिशा उलटी असते. डाव जितका लांब, तितके चांगले-वाईट फासे एकमेकांना फेडून टाकतात. डाव कापला की ही फेड व्हायला वेळच मिळत नाही.

साध्या लुडोत एक सोंगटी निघण्याच्या चौकोनापासून मधल्या घरापर्यंत ५६ पावलं चालते. पटावरच्या रस्त्याचे ५० पावलं, मग स्वतःच्या रंगाच्या गल्लीतले पाच चौकोन आणि शेवटचं पाऊल घरात. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे एका सोंगटीला साधारण सोळा फासे लागतात, चार सोंगट्यांना चौसष्ट. आता समजा सगळ्यांना एकेकच सोंगटी दिली. डाव चौथाईवर आला, पण सोळा फाशांत नशिबाचा जो झोका बसतो तो एकूण वाटेच्या बारा टक्क्यांच्या आसपास असतो. चौसष्ट फाशांत तोच झोका सहा टक्क्यांवर येतो. शिवाय एकच सोंगटी असली की ठरवायचं काय? फासा पडेल तेवढं चालायचं. तुम्ही दोन सोंगट्या केल्यात तेव्हा याच वाटेवर अर्धं अंतर गेलात. रस्ता कमी केला, आणि त्याबरोबर निवडही कमी केली.

म्हणून मी प्रश्न जरा वळवून विचारते. डावातल्या कोणत्या पाळ्या अशा आहेत, की ज्यात खेळणाऱ्याला ठरवण्यासारखं काहीच नसतं? त्या पाळ्या काढल्या, तर वेळही वाचतो आणि अक्कल लावायची जागाही शाबूत राहते. दोन्ही इच्छा एकत्र पुऱ्या करणारी हीच एक वाट मला दिसते.

अशा पाळ्यांचा पहिला ढीग सुरुवातीलाच असतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, आणि पहिला सहा पडायला सरासरी सहा पाळ्या लागतात. ‘सरासरी’ हा शब्द फसवा आहे. पहिल्या दहा पाळ्यांत एकही सहा न पडण्याची शक्यता सोळा टक्के असते, म्हणजे जवळजवळ सहा खेळाडूंतला एक. तुम्ही चौघं खेळता, तेव्हा दर दोन डावांमागे कुणीतरी एक जण दहा पाळ्या नुसता फासा टाकून पुढे सरकवत बसणार. तुमच्या मुलाला कुणाची दृष्ट लागलेली नाही, नियमच तसा आहे. तुमच्या ‘तीनदा फासा’ने हे दुखणं कमी होतं, पण जात नाही. तीन फाशांत एक तरी सहा पडण्याची शक्यता ४२ टक्के. तीन पाळ्या, म्हणजे नऊ फासे टाकूनही पाचांतला एक जण कोपऱ्यातच असतो. वर त्या प्रत्येक पाळीला तिप्पट वेळ. डाव लहान का झाला नाही, याचं एक कारण हे.

दुसरं कारण तुमचा ‘मारल्याशिवाय प्रवेश नाही’ हा नियम. पुष्कळ घरांत तो खेळतात आणि तो शूरपणाचा वाटतो. पण ज्याच्या सोंगट्या दाराशी आल्या आहेत, त्याला आता कुणाला तरी मारायला वाट बघत थांबावं लागतं. समोरचे शहाणे असतील तर ते त्याच्या टप्प्यात येतच नाहीत. डाव रेंगाळतो, आणि शेवटी योग्य आकडा कुणाला पडला यावर निकाल लागतो. हा नियम आजच काढा, त्याच्या बदल्यात काही ठेवायचीही गरज नाही.

आता सगळ्यांच्या लाडक्या नियमाकडे येते. सहा पडला की पुन्हा फासा. हा नियम काढा म्हटलं की मुलं आधी ओरडतील, मोठेही नाक मुरडतील, कारण लागोपाठ दोन सहा पडल्यावर जो जल्लोष होतो तो लुडोचा प्राण आहे असं वाटतं. पण तो नियम करतो काय, ते पाहा. जादा फाशामुळे एका पाळीची सरासरी चाल साडेतीनवरून ४.२ होते, म्हणजे वेग फक्त एक पंचमांश वाढतो. नशिबाचा झोका मात्र जवळजवळ दुप्पट होतो, कारण ज्याला आधीच सर्वात मोठा आकडा मिळाला त्यालाच आणखी एक फासा मिळतो. संपूर्ण डावाचा हिशेब मांडला, तर जादा फाशामुळे झोका वाटेच्या सहा टक्क्यांवरून दहा-अकरा टक्क्यांवर जातो. त्यात सोंगटी बाहेर काढायलाही सहाच लागतो, म्हणजे एकाच आकड्याला तीन बक्षिसं: मोठी चाल, बाहेर पडणं आणि पुन्हा फासा. तुमच्या नवऱ्याला लुडोत डोकं लागत नाही असं वाटतं त्यातला निम्मा दोष या नियमाचा आहे, असं माझं मत आहे. सोंगटी मारल्यावर जादा फासा देत असाल तर तोही बंद करा. ज्याची सोंगटी मेली त्याचं नुकसान पुरेसं झालेलं असतं.

शेवटचा ढीग घराच्या दाराशी. एकच सोंगटी उरली आहे, ती घरापासून एक पाऊल दूर आहे आणि नेमका एकच पडायला हवा. सरासरी सहा पाळ्या. तीन जण बघत बसलेत, चौथा फासा हलवतोय आणि ठरवण्यासारखं कुणाकडेच काही नाही.

तर माझी जुळणी अशी आहे. एकेक नियम सुटा घेऊ नका, ते एकमेकांना धरून आहेत.

सगळ्यांना चारही सोंगट्या द्या, पण त्यातल्या दोन सुरुवातीपासूनच निघण्याच्या चौकोनावर ठेवा. उरलेल्या दोन एक किंवा सहा पडला की बाहेर येतील. प्रत्येक पाळीला दोन फासे टाका आणि त्यांची बेरीज न करता दोन आकडे वेगवेगळे वापरा. एक आकडा एका सोंगटीला आणि दुसरा दुसरीला, किंवा दोन्ही एकापाठोपाठ एकाच सोंगटीला. सहा किंवा जोडी पडली म्हणून जादा फासा नाही. घरात जायला नेमका आकडा नको, जास्त पडला तर वरचा वाया. मेलेली सोंगटी कोपऱ्यात न जाता आपल्या निघण्याच्या चौकोनावर परत येईल. आणि ज्याच्या तीन सोंगट्या आधी घरात गेल्या तो जिंकला, डाव तिथेच संपला. दुसरा-तिसरा नंबर काढायला पुढे खेळू नका. हवाच असेल तर त्या क्षणी कुणाच्या किती सोंगट्या घरात आणि किती पावलं झाली यावरून लावा.

दोन फाशांनी काय साधतं ते नीट सांगते, कारण या जुळणीचा कणा तोच आहे. डावात पडणारे एकूण फासे तेवढेच राहतात, फक्त पाळ्या निम्म्या होतात. त्यामुळे डाव लहान झाला तरी चांगले-वाईट फासे फिटण्याची सोय जात नाही. निवड मात्र वाढते. तुमच्या दोन सोंगट्या पटावर असतील तर एका फाशात दोनच चाली शक्य असतात. दोन फाशांत त्या चार होतात, आणि तीन सोंगट्या असतील तर तीनाच्या नऊ. बेरीज करून एकच सोंगटी चालवायचा नियम केलात तर हा फायदा बुडतो, तेव्हा तो मोह टाळा. सोंगटी बाहेर काढण्याचंही पाहा. दोन फाशांत एक तरी एक किंवा सहा पडण्याची शक्यता ५६ टक्के आहे, म्हणजे कुणी फार काळ अडकत नाही. आणि अडकलाच, तरी त्याच्या दोन सोंगट्या बाहेर आहेतच.

‘चार द्या, तीन घरात न्या’ हे विचित्र वाटेल. चौथी सोंगटी मग कशाला? ती आहे म्हणून तर निवड आहे. ती वाटेत उभी करून दुसऱ्याच्या मागावर ठेवता येते, कुणाला भुलवायला पुढे करता येते, मेली तरी डाव बुडत नाही. तीनच सोंगट्या दिल्या असत्या तर रस्ता तेवढाच झाला असता, पण ही मोकळीक गेली असती.

वेळेचा हिशेब करू. तीन सोंगट्यांची १६८ पावलं, दोन फाशांची सरासरी सात, म्हणजे चोवीस पाळ्या. बाहेर काढण्यात, वाया जाणाऱ्या आकड्यांत, चौथीला हलवण्यात आणि मुख्य म्हणजे मरण्यात आणखी पाच-सहा जातील. माणशी तीस पाळ्या, चौघांच्या एकशे वीस. एका पाळीला पंधरा सेकंद धरले तर बरोबर अर्धा तास. जुन्या पद्धतीत पहिला जिंकायलाच माणशी साठ-पासष्ट पाळ्या लागतात, मेलेल्या सोंगट्यांचं वेगळं. तुमचा सव्वा तास तिथून आला.

मेलेली सोंगटी मागच्या सुरक्षित चौकोनापर्यंतच परत न्यावी, असंही कुणी सुचवेल. मी नको म्हणेन. नेहमीच्या पटावर निघण्याचे चार आणि ताऱ्याचे चार असे आठ सुरक्षित चौकोन असतात, आणि निघाल्यापासून मोजलं तर ते ८, १३, २१, २६, ३४, ३९ आणि ४७ व्या पावलाला येतात. म्हणजे मागचा सुरक्षित चौकोन जास्तीत जास्त सात पावलांवर. मरण इतकं स्वस्त झालं की कुणी कुणाला मारायला जाणार नाही आणि कुणी जपूनही चालणार नाही. उरेल ती नुसती शर्यत. लुडोत डोकं लागतं ते मारण्या-वाचण्यातच, तो भाग बोथट करू नका. कोपऱ्यात न पाठवता निघण्याच्या चौकोनावर आणल्याने पावलं जातात, पण पुन्हा आकड्याची वाट बघत बसावं लागत नाही. एवढी सवलत पुरे. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका चौकोनावर असल्या तर त्यांना मारता येणार नाही, हे ठेवा. पण त्यांनी रस्ता अडवायचा नियम असेल तर तो सोडा, त्याने डाव तुंबतो.

आता नवऱ्याला दाखवायची गोष्ट. दोन फासे सुटे वापरायला लागलात की अंतराला अर्थ येतो. शत्रूची सोंगटी तुमच्या मागे एक ते सहा पावलांवर असेल, तर पुढच्या पाळीत तिचा मार तुम्हाला बसण्याची शक्यता छत्तीसात अकरापासून सोळापर्यंत जाते. एका पावलावर अकरा, दोनवर बारा, असं वाढत सहा पावलांवर सोळा, कारण सहा हा आकडा नुसत्या सहानेही जमतो आणि दोन-चार, एक-पाच, तीन-तीन अशा जोड्यांनीही. पण सात पावलांवर ती एकदम छत्तीसात सहावर घसरते, आठवर पाच, आणि पुढे एकेक कमी होत बारावर एक. म्हणजे सहा पावलं पुढे उभं राहणं सर्वात धोक्याचं आणि सात पुढे बरंच निर्धास्त. एका पावलाने धोका निम्म्याहून खाली येतो. ‘लांब गेलो म्हणजे वाचलो’ हा लुडोतला सवयीचा समज इथे चालत नाही. शत्रूच्या अगदी नाकासमोर, एका पावलावर उभं राहणंही सहा पावलांपेक्षा बरं.

एक प्रसंग मांडते. तुमची एक सोंगटी विसाव्या पावलावर आहे आणि तिच्या मागे पाच पावलांवर शत्रू. दुसरी एकतिसाव्या पावलावर आहे आणि तिच्या पुढे चार पावलांवर शत्रूची एक सोंगटी. तुम्हाला एक आणि तीन पडले. पहिलीला एक पाऊल दिलं तर ती एकविसाव्या, म्हणजे ताऱ्यावर जाते. दुसरीला तीन दिली तर ती चौतिसाव्या, तीही ताऱ्यावर. दोघी सुरक्षित, डोळे मिटून खेळावी अशी चाल. पण एक आणि तीन मिळून चार दुसरीलाच दिले तर पुढची सोंगटी मरते, आणि पहिली उघड्यावर राहते. पाच पावलांवरचा शत्रू तिला छत्तीसात पंधरा वेळा मारणार. त्यात वीस पावलं जाणार, म्हणजे सरासरी आठ पावलांचा धोका.

मग मारायचं की नाही? पुढची सोंगटी कुणाची यावर ते ठरतं. त्याच चौकोनावर तुमच्या समोर बसणाऱ्याची सोंगटी असेल तर ती नऊच पावलं चालून आलेली आहे. ती मारून नऊ पावलांचं नुकसान कराल, आणि त्याचा फायदा एकट्या तुम्हाला नाही, बाकीच्या दोघांनाही होईल. आठ पावलांचा धोका तेवढ्यासाठी घेऊ नका, ताऱ्यांवर जा. पण ती उजवीकडच्याची असेल तर ४८ पावलं चालून आली आहे, आणखी तीन पावलांत ती तिच्या गल्लीत शिरेल आणि मग कधीच हाती लागणार नाही. तिथे मारा. चौकोन तोच, फासे तेच, उत्तर वेगळं. एका फाशाच्या लुडोत असा पेच क्वचित पडतो, कारण दोन्ही सोंगट्यांचं भलं एका पाळीत करायची सोयच नसते. हा प्रसंग पटावर सोंगट्या मांडून नवऱ्याला विचारा. तो पटकन उत्तर देईल, आणि मग सोंगटी कुणाची हे विचारायचं राहिलं म्हणून थांबेल.

या जुळणीची एक किंमत आहे, ती आधीच सांगते. नशीब कमी झालं की कुणाला मारायचं हे माणूस ठरवतो, फासा नाही. आधी मुलगा रडायचा तो फाशावर, आता रडेल तो बाबांवर. ‘तू मलाच का मारलंस?’ या प्रश्नाला पूर्वी ‘दुसरी चालच नव्हती’ हे खरं उत्तर होतं, ते आता नेहमी खरं नसेल. शिवाय जो पुढे असेल त्याच्यावर बाकीचे तिघं तुटून पडतील, आणि चांगलं खेळणाऱ्याला चांगलं खेळण्याचीच शिक्षा मिळेल. भांडणं वाढल्याचं तुम्ही लिहिलं आहे, त्यात मला याचाच वास येतो. मारल्याशिवाय प्रवेश नाही म्हटल्यावर प्रत्येक जण सोप्या सावजाच्या शोधात असणार, आणि घरात सर्वात सोपं सावज कोण, हे सांगायला नको.

यावर जुना आणि चांगला उपाय जोडीने खेळण्याचा आहे. पच्चीसी आणि चौसर चौघांत खेळायचे ते समोरासमोरच्या दोघांनी भिडू होऊन. आजी आणि नातू एका बाजूला, तुम्ही दोघं दुसऱ्या. भिडूची सोंगटी मारायची नाही, आपल्या तीन घरात गेल्या की आपले फासे भिडूला द्यायचे, आणि दोघांच्या मिळून सहा सोंगट्या ज्या बाजूच्या आधी घरात जातील ती बाजू जिंकली. कुणाला मारायचं हा प्रश्न रुसव्या-फुगव्याचा राहत नाही. प्रतिस्पर्ध्याचं नुकसान पुरतं आपल्या फायद्यात जमा होतं, त्यामुळे हिशेबही स्वच्छ होतो. वरच्या प्रसंगातली नऊ पावलांची सोंगटी समोर बसणाऱ्याची, म्हणजे आता तुमच्या भिडूचीच आहे, तेव्हा तिला मारायचा प्रश्नच उरत नाही.

सासूबाईंची तक्रार मी खोटी म्हणणार नाही, पण ‘खरा लुडो’ कुठला, हा प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतलं गेलं, आणि तो मुळात पच्चीसीचं सोपं केलेलं रूप आहे. कवड्यांच्या जागी पेल्यात हलवायचा सहा बाजूंचा फासा आला. म्हणजे घरगुती बदलांतूनच हा खेळ झाला आहे. भिडू परत आणले तर तुम्ही त्याला जुन्याच्या एक पाऊल जवळ नेताय. तरीही त्यांना सहा पडल्यावरचा जल्लोष हवा असेल, तर आठवड्यातला एक दिवस जुन्या नियमांचा ठेवा. दोन्ही नियम एका डावात कालवू नका.

मुलासाठी नियम वाकवू नका, त्याला उघड सवलत द्या. त्याला डावात तीन वेळा ‘पुन्हा टाक’ची मुभा असू दे. तीन बटणं त्याच्यापुढे ठेवा, वापरलं की एक परत घ्या. मोठ्यांना एकही नाही. फासा आवडला नाही की तो बटण देईल आणि दोन्ही फासे पुन्हा टाकेल. सुरुवातीला तो तिन्ही पहिल्या पाच मिनिटांत उडवेल. काही दिवसांनी शेवटच्या टप्प्यासाठी एखादं राखून ठेवायला लागला की समजा तो खेळ शिकला, आणि मग एक बटण कमी करा.

नवऱ्याला नशीब अजिबात नको असेल तर तेही जमतं. प्रत्येकाला एक ते सहा आकड्यांच्या सहा चिठ्ठ्या द्या. पाळीला एक चिठ्ठी खेळायची, सहाही संपल्या की पुन्हा सहा उचलायच्या. सगळ्यांना सारखीच पावलं मिळतात. पण कुणाकडे कोणते आकडे उरलेत हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे एकेक जण मिनिटभर बोटं मोजत बसतो आणि अर्ध्या तासाचा डाव पुन्हा तासावर जातो. हा दोघांनी निवांत खेळायचा प्रकार आहे. नऊ वर्षांच्या मुलाला आणि आजीला घेऊन तो खेळू नका.

नियम चालले की नाही हे कोण किती जिंकलं यावरून ठरवू नका. चार अगदी सारख्या खेळाडूंत दहा डावांत कुणीतरी एकाने निम्मे डाव जिंकण्याची शक्यताही तीस टक्क्यांच्या वर असते. चांगला खेळाडू खरंच जास्त जिंकतो का, हे दिसायला शंभरेक डाव लागतील. त्याऐवजी एका कागदावर रेघा ओढा. ज्या पाळीत खेळणाऱ्याला एकही चाल नव्हती किंवा एकच होती, तिथे एक रेघ. आधी एक डाव जुन्या नियमांनी खेळून रेघा मोजा, मग एक नव्यांनी. नव्यात त्या निम्म्याहून कमी भरल्या पाहिजेत. नाही भरल्या, तर बहुधा सोंगट्या कोपऱ्यात अडकताहेत किंवा कुणीतरी सवयीने फाशांची बेरीज करून एकच सोंगटी पळवतंय. डाव संपल्यावर प्रत्येकाला विचारा, कुठली एक चाल बदलायला आवडेल. कुणालाच एकही आठवली नाही, तर नशिबाचं राज्य अजून आहे.

नियम कागदावर लिहून पटाच्या पेटीत ठेवा. डाव चालू असताना कागदात नसलेला पेच आला, तर ज्याची पाळी आहे त्याच्या बाजूने निकाल द्या आणि पुढे खेळा. नवा नियम डाव संपल्यावरच लिहायचा, आणि एका वेळी एकच. आणि एवढं करूनही घड्याळ चाळीस मिनिटांवर गेलं, तर सोंगट्या कमी करू नका, फासेही बदलू नका. फक्त तीनऐवजी दोन सोंगट्या घरात गेल्या की डाव संपला असं धरा. पटावर मात्र चारच राहू द्या.